माझ्या बायोडाटातली पाच वर्षं

पहिला फोन आला तेव्हा मी लातूरच्या एमआयडीसीत, सोयाबीन तेलाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. प्लांटमध्ये फोन न्यायला सक्त मनाई होती. तिथं तेल काढायला लागणारं हेक्झेन असायचं, एक ठिणगी पडली तर सगळं पेटलं असतं. म्हणून माझा फोन लॅबच्या टेबलाच्या खणात पडलेला असायचा. जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर एकाच अनोळखी नंबरावरून तीनदा फोन येऊन गेलेला. आईच्या दवाखान्यातून असेल म्हणून मी घाबरून उलटा लावला.

"ताई, मी नांदेडहून बोलून राहिले," पलीकडून एक बाई म्हणाली. तिची नोकऱ्या लावून देणारी कन्सल्टन्सी होती. माझा बायोडाटा तिला नोकऱ्यांच्या वेबसाइटवर सापडला होता. एका पाणी-माती तपासणाऱ्या कंपनीची मोठी लॅब नांदेडला होती आणि त्यांना उदगीरला शाखा काढायची होती. "उदगीर जिल्हा होणार हाय म्हणतेत ना. आधीच जागा धरून बसायलेत ते. लॅबला इन्चार्ज पाहिजे. तुमच्यासारखी."

ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तिनं अटी सांगितल्या आणि गाडी थांबली. पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, माझा होता तीन. पाण्यातले धातू मोजायचं मोठं यंत्र चालवता आलं पाहिजे. ते मी फक्त पुस्तकात बघितलेलं. आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचं. त्याच आठवड्यात माझी आई न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसली होती. तिच्या ऑपरेशनची तारीख पक्की झाली होती, आणि तिचं करायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

मी नाही म्हणाले. बाई नेटानं म्हणाली, "तरी बायोडाटा पाठवून ठेवा की ताई. फायलीला असू द्या."

मी पाठवला आणि त्याखाली व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहिलं. माझा अनुभव तीन वर्षांचा आहे, ते यंत्र मी चालवलेलं नाही, घरात आजारपण आहे, म्हणून ही जागा आत्ता मला जमणार नाही. माझा बायोडाटा कंपनीकडे पाठवू नये. पुढे परिस्थिती बदलली तर मी स्वतःहून संपर्क करीन. तिचं उत्तर आलं, "ओके ताई", आणि पुढे जोडलेले हात.

त्या जोडलेल्या हातांवर मी वर्षभर विश्वास ठेवला.

त्या वर्षात आई आधी वॉकर धरून आणि मग काठी टेकत चालायला लागली. मी पदरमोड करून पुण्याला चार दिवसांचं एक प्रशिक्षण केलं. लॅबला मानांकन मिळवायचं तर कागदपत्रं कशी ठेवायची, यंत्रं कशी तपासून घ्यायची, नमुना कोणाच्या हातून कुठं गेला त्याची साखळी कशी सांभाळायची, हे सगळं त्यात होतं. ज्या कॉलेजात शिकले तिथल्या सरांना गाठून रविवारी ते धातू मोजायचं यंत्रही शिकले. सर म्हणायचे, "यंत्रातला दिवा आधी तापू दे, घाई करू नको," आणि मी अर्धा-अर्धा तास त्या दिव्यासमोर बसून राहायची. कोणी सांगितलं नव्हतं. एकदा हातून गेलेली जागा मनात सलत होती, एवढंच.

मग पाऊस नाहीच आला. सलग दुसऱ्या वर्षी. लातूरला नळ बंद पडले, पाणी रेल्वेनं यायला लागलं. गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की लोक ताटावरून उठून पळायचे. कारखान्याच्या बॉयलरला टँकरचंच पाणी, तेही कुठल्या कुठल्या बोअरचं. मी रोज त्याची कठीणता, म्हणजे त्यातले क्षार, तपासून लिहायची की हे बॉयलरला घालायच्या लायकीचं नाही, आणि रोज ते घातलं जायचं. आधी तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, मग एक. शेवटी मॅनेजरनं आम्हाला बोलावून सांगितलं, पाऊस पडेपर्यंत घरी बसा, पडल्यावर कळवू.

घरी आई म्हणाली, "ती नांदेडची बाई व्हती न्हवं? तिला विचार की."

"वर्ष झालं आई. तिला आठवणार पण नाही."

"न्हाई म्हणल. अजून काय करल?"

मी दोन दिवस त्या मेसेजवर घालवले. नुसतं 'काही जागा आहे का' असं विचारायचं नव्हतं. वर्षापूर्वी आपलं कोणत्या जागेबद्दल बोलणं झालं, मी का नाही म्हणाले, तेव्हापासून काय काय शिकले आणि आता कधी रुजू होऊ शकते, एवढं सगळं सहा ओळींत बसवलं. सोबत नवा बायोडाटा जोडला. आता चार वर्षांचा अनुभव, यंत्राचं काम, प्रशिक्षण.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"ताई! लई मोठं आयुष्य हाय तुम्हाला. उदगीरची जागा परत रिकामीच झाली. दोघं जण येऊन सोडून गेले. कंपनीला अर्जंट पाहिजे, आता चार वर्षं बी चालतेत म्हणलेत. गुरुवारी नांदेडला या मुलाखतीला."

मी विचारलं, "माझा नवा बायोडाटा त्यांना पाठवलात ना?"

"हाव, हाव, पाठवला. तुम्ही फकस्त टायमात या."

गुरुवारी सकाळची एसटी धरली. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली तेव्हा मी फाइल उघडून प्रमाणपत्रं पुन्हा क्रमानं लावली. आमचं गाव तिथून चार कोसांवर. त्या गावात माझी आई अंगणवाडीत मदतनीस होती, आणि तिच्या मानधनावर मी एम.एस्सी. झाले. त्या कागदांकडे बघताना मला नेहमीच थोडा ताठा चढतो. त्या दिवशीही चढला होता.

नांदेडच्या लॅबमध्ये टेबलापलीकडे दोघं बसले होते. एक एचआरचे साहेब, माझ्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट. दुसरे लॅबचे मुख्य, पिकल्या केसांचे, बोटांवर रसायनांचे पिवळे डाग असलेले. पहिल्या दहा मिनिटांत मुख्य सरांनी कामाचंच विचारलं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं तर काय करशील, नमुना किती वेळात तपासशील, कठीणतेच्या तपासणीत रंग कधी बदलतो. मी सांगत होते आणि ते मान डोलवत होते.

मग एचआरच्या साहेबांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मॅडम, एक कोडं आहे," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तुमचा अनुभव पाच वर्षांचा होता. यंदा चार आहे. आमच्याकडे माणसांचा अनुभव वाढत जातो. तुमचा कमी कसा झाला?"

मला आधी कळलंच नाही. मी कागद ओढून बघितला. नाव माझं, फोन माझा, गाव माझं. कारखान्यात लागल्याचं साल दोन वर्षांनी मागे सरकवलेलं. आणि खाली एक ओळ, धातू मोजायच्या यंत्राचा दोन वर्षांचा अनुभव. ज्या यंत्राला मी तोवर हातही लावला नव्हता, त्याचा दोन वर्षांचा अनुभव!

"हा मी दिलेला कागद नाही," मी म्हणाले.

"तुमच्या नावाचा आहे. आणि एवढंच नाही." त्यांनी फायलीतला एक शेरा वाचून दाखवला. "उमेदवारानं फोनवर होकार दिला, रुजू व्हायची तारीख दिली, आली नाही. आम्ही तुमच्यासाठी दीड महिना जागा अडवून ठेवली होती, मॅडम. खरं सांगू का? तुमच्यासारख्यांना संधी दिली की हे असं होतं."

मी विचारलं, "तुमच्यासारख्या म्हणजे कोणासारख्या?"

त्यांची नजर कागदावरच्या माझ्या आडनावाकडे गेली आणि परत आली. "म्हणजे... ग्रामीण भागातल्या."

मुख्य सरांनी घसा खाकरला. मी फोन काढला. वर्षापूर्वीच्या मेसेजपर्यंत मागे सरकवत गेले. मेसेज सापडला. तारीख, तीन वर्षांचा अनुभव, यंत्र चालवलेलं नाही, कंपनीकडे पाठवू नये, आणि खाली "ओके ताई". मी फोन त्यांच्यासमोर ठेवला. दोघांनी वाचलं.

एचआरचे साहेब म्हणाले, "हे तुमचं आणि कन्सल्टन्सीचं आपसातलं आहे. आमच्या रेकॉर्डला जे आहे ते आहे. त्यांनी लेखी दिलं तर बघू."

मुख्य सर एवढंच म्हणाले, "बाहेर बस जरा." मग स्वतःच उठून मला लॅबमध्ये घेऊन गेले आणि एका बाटलीतलं पाणी पुढे केलं. "कठीणता काढून दाखव." मी काढली. थेंब थेंब सोडत गेले. लालसर रंग जांभळा झाला आणि मग एका थेंबाला स्वच्छ निळा. पुन्हा केलं, आकडा तोच आला. सरांनी आपल्या वहीतला आकडा बघून मान हलवली. मग हळूच म्हणाले, "लेखी आण. तेवढं आण."

तिथून मी थेट कन्सल्टन्सीत गेले. पत्ता तिच्या मेसेजखालीच होता. एका कपड्याच्या दुकानाच्या माडीवर दोन खोल्या. बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण बायोडाटा मांडीवर घेऊन बसलेले. आत काचेच्या टेबलामागे ती बाई. वर्षभर फक्त आवाज ऐकलेला, आता समोर दिसली: चाळिशीची, दोन फोन, कपाळाला घाम. मी नाव सांगितलं तसं तिनं तोंडभर हसून खुर्ची दिली.

"झाली ना मुलाखत? मी म्हणलं नव्हतं?"

मी बसले नाही. "मॅडम, माझा अनुभव तुम्ही दोन वर्षांनी वाढवलात?"

हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. "अहो ताई, थोडं सेट करावं लागतंय. कंपनी म्हणते पाच वर्ष, तर पाच वर्षाच्या खालचा कागद ते उघडत पण न्हाईत. तुमच्याच भल्यासाठी."

"मी पाठवू नका म्हणाले होते."

"हाव. पण त्या आठवड्यात त्यांना तीन नावं द्यायची होती. माझ्याकडं दोनच होती. तिसरं न्हाई दिलं तर ते काम दुसऱ्या एजन्सीला देणार होते."

"आणि मी होकार दिला हे कोणी सांगितलं?"

ती फोनशी चाळा करत म्हणाली, "त्यांनी तुमचंच नाव पकडलं. दुसरी दोघं त्यांना पसंत पडली न्हाईत. मग मी म्हणलं, येतील. मला वाटलं तुमच्या आईचं बरं झाल्यावर तुम्ही तयार व्हाल. मग न्हाई जमलं तर..." ती थांबली.

"तर सांगितलं की मी फसवलं."

"असं नसतं बोलत, ताई. या लाईनीत सगळेच असं करून राहिलेत."

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. आयुष्यात मी कोणाच्या कार्यालयात ओरडले नव्हते. आमच्या घरात शिकवण अशी की सरकारी असो की खाजगी, कार्यालयात आपण शांत बोलायचं, कागद नीट ठेवायचा, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. माझी आई अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये मुलांचं वजन शंभर ग्रॅमनं इकडचं तिकडं करत नसे. सुपरवायझरनं आकडे सुधारायला सांगितले तेव्हाही नाही. आणि या बाईनं माझं आख्खं आयुष्य दोन वर्षांनी मागं ढकललं होतं, आणि वर मलाच खोटारडी ठरवलं होतं. हे सगळं मी तिला त्याच शब्दांत सांगितलं. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावरची कुजबुज बंद झाली.

"हळू बोला," ती म्हणाली. "बाहेर लोक बसलेत."

"बसू द्या. त्यांनाही कळू दे."

बाकावरचा एक चष्मेवाला माणूस उठून दारात आला. चांगला पन्नाशीचा, कुठल्यातरी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये अकाउंटंट होता म्हणे. त्यानं अगदी सौम्यपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही माझा कागद कंपनीला पाठवला, तो जरा मला दाखवता का?"

त्या एका प्रश्नानं जे झालं ते माझ्या ओरडण्यानं झालं नव्हतं. बाईचा चेहरा पडला. ती उठली, दार लोटून घेतलं आणि खुर्चीत बसून दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं.

"तुम्हाला काय पाहिजे?"

"कंपनीला मेल लिहा. आत्ता. माझ्यासमोर."

"मेल लिहिला तर ते मला काम देणार न्हाईत."

"वर्षभर त्यांनी मला देऊ नये अशी व्यवस्था तुम्ही केलीत."

ती तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरकडची असावी, असं मला तिच्या फोनवरच्या तेलुगूवरून वाटलं. मधेच तिच्या घरून फोन आला; ती दोन वाक्यं बोलली आणि बंद केला. तिचीही काही ओढाताण असेल. मला त्या क्षणी तिची कीव करायची नव्हती आणि आजही फारशी करता येत नाही.

तिनं लिहायला घेतलं. पहिलं वाक्य होतं, 'काही गैरसमजामुळे चुकून'. मी म्हणाले, गैरसमज कोणाचा झाला होता? ते खोडलं. मग 'टायपिंगची चूक'. तेही खोडायला लावलं. शेवटी चार ओळी राहिल्या: मागच्या वर्षीच्या बायोडाटातले बदल आमच्या कार्यालयानं केले होते. उमेदवारानं होकार दिला नव्हता. नकार लेखी कळवला होता. तो मेसेज सोबत जोडला आहे. तिनं 'पाठवा'वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी बघतच राहिले. तिनं पाठवला.

बाहेर आले तेव्हा तो अकाउंटंट अजून उभाच होता. मला म्हणाला, "तुमचं झालं. आता माझा नंबर."

आठ दिवस काही आलं नाही. नवव्या दिवशी एचआरच्या साहेबांचा फोन. निवड झाली आहे, मुख्य सरांचा आग्रह आहे; फक्त, मागची पार्श्वभूमी बघता, परीक्षाकाळ, म्हणजे प्रोबेशन, सहा महिन्यांचा राहील.

"बाकीच्यांना किती असतो?" मी विचारलं.

"तीन. पण तुमची केस वेगळी आहे."

"वेगळी कशी? तुमच्याकडे लेखी आलंय ना, की मी काही केलं नाही? मग सहा महिने कशाची परीक्षा?"

त्यांनी विचारून सांगतो म्हटलं. आई बाजूला लसूण सोलत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "घे की गं सहा. दुष्काळात कोन देतंय?" मी म्हणाले, तीनच. दुसऱ्या दिवशी मेल आला. त्यात तीन महिने लिहिले होते. माफीचा एकही शब्द नव्हता, आजतागायत आलेला नाही.

आम्ही उदगीरला बिऱ्हाड हलवलं. जिल्हा काही झाला नव्हता, पण कंपनीच्या पाटीवर 'जिल्हा शाखा' असं आधीच रंगवून टाकलेलं होतं. लोक बाटल्यांतून, कळशीतून, एकदा तर दुधाच्या किटलीतून पाणी आणायचे आणि विचारायचे, हे प्यावं का? काही वेळा मला नाही म्हणावं लागे, आणि मग ते विचारत, मग कोणतं प्यावं? त्याचं उत्तर माझ्या यंत्रात नव्हतं.

तीन महिने पूर्ण झाले त्याच आठवड्यात नांदेडच्या बाईचा फोन आला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा गोड.

"ताई, नव्वद दिवस झाले ना? टिकलात ना? न्हाई, कंपनीकडून माझं बिल निघायचंय. तुम्ही माझ्याच थ्रू लागलात ना, म्हणून."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नियमानं बरोबर होतं ते. माझं नाव कंपनीपर्यंत तिनंच पोचवलं होतं, आधी माझ्या इच्छेविरुद्ध आणि नंतर माझ्याच विनंतीवरून. मी नव्वद दिवस टिकले म्हणून माझ्या नोकरीची फी कंपनीकडून तिलाच मिळणार होती.

"मॅडम," मी म्हणाले, "त्या चष्मेवाल्या गृहस्थांना तुम्ही त्यांचा कागद दाखवलात का?"

तिच्या आवाजातला गोडवा गेला. मग ती म्हणाली, "ताई, तुमचं चांगलं झालं ना? मग लोकांचं कशाला काढता?"

मी फोन ठेवून दिला. खिडकीशी एक बाई किटलीचं झाकण उघडून उभी होती. मी तिचा नमुना घेतला, गावाचं नाव विचारून लेबलवर लिहिलं, आणि पेनवर इतका जोर दिला की कागद फाटला. दुसरं लेबल घेऊन पुन्हा लिहावं लागलं.